पगारवाढ मागताना: कामाचा पुरावा की बाहेरची ऑफर?
एप्रिलमध्ये वेतनवाढ देणाऱ्या कंपन्यांत विभागाचा निधी बहुधा आधीच ठरतो, म्हणून कामाच्या पुराव्यावर मागणी करायची तर ती जानेवारीतच लेखी द्यावी. मला हाच मार्ग अधिक भक्कम वाटतो. समजा, वार्षिक 9 लाख पगार असलेल्या सॉफ्टवेअर टेस्टरने 3 दिवसांची चाचणी 4 तासांवर आणल्याची नोंद जोडली आणि त्याच शहरात, तितक्याच अनुभवाला 11 लाख मिळत असल्याच्या जाहिराती दाखवल्या, तर व्यवस्थापकांना वरिष्ठांपुढे मांडायला आधार मिळतो. मात्र तुलना सीटीसीची सीटीसीशीच करावी, हातात येणाऱ्या पगाराशी नव्हे. दुसऱ्या कंपनीचे ऑफर लेटर पुढे केल्यास उत्तर लवकर मिळते, पण चर्चा कामावरून निष्ठेकडे वळते आणि नकार आल्यास राजीनाम्यावाचून फारसा पर्याय उरत नाही.