ऑक्सिटोसिनचा एक रकाना, तीन संदर्भ: मार्गदर्शिका, औषधाचं लेबल की फॅक्ट शीट?

लेबर रूमच्या पोस्टिंगनंतर केअर प्लॅन लिहायला बसलं की रॅशनेलचा रकाना अडवतो. ‘ऑक्सिटोसिन १० युनिट आयएम दिलं’ हे लिहायला अर्धं मिनिट लागतं. ते का दिलं आणि हे कुठे म्हटलंय, हे लिहिताना मात्र मोबाइलवर तीन गोष्टी उघड्या असतात: डब्ल्यूएचओची मार्गदर्शिका, औषधाचं लेबल आणि आरोग्य संस्थेची फॅक्ट शीट. तिन्ही विश्वासार्ह आहेत. त्यामुळे ‘यातली खरी कोणती’ असा प्रश्न पडत नाही. कोणत्या वाक्याखाली कोणती चालेल, हे ठरवावं लागतं. बीएस्सी किंवा जीएनएमच्या असाइनमेंटमध्ये बहुतेक ठिकाणी व्हँकुव्हर पद्धतीने संदर्भ मागतात, म्हणून तीच धरून लिहितो. तुमच्या कॉलेजात एपीए असेल तर विरामचिन्हं बदलतील, बाकीचं गणित तेच राहील.

उदाहरण एकच घेऊ. नॉर्मल डिलिव्हरी झालेली माता आहे आणि असाइनमेंटचा विषय आहे प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणं. यात तीन विधानं हमखास येतात. पहिलं, डोस आणि वेळ. दुसरं, अँप्यूल कुठे आणि किती तापमानाला ठेवायचं. तिसरं, प्रस्तावनेतला ‘जगात इतक्या माता दगावतात’ हा आकडा.

डोस आणि वेळेपासून सुरुवात करू. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या गर्भाशय-आकुंचक औषधांवर डब्ल्यूएचओची २०१८ ची मार्गदर्शिका आहे. प्रत्येक प्रसूतीत तिसऱ्या अवस्थेत असं औषध द्यावं, आणि ऑक्सिटोसिन वापरायचं तर १० युनिट आयएम किंवा आयव्ही, अशी तिची शिफारस आहे. तिसरी अवस्था म्हणजे बाळ बाहेर आल्यापासून वार पडेपर्यंतचा काळ. आता डेलीमेड या अमेरिकन औषध-लेबलांच्या संकेतस्थळावर पिटोसिन या ऑक्सिटोसिनच्या ब्रँडचं लेबल उघडून पाहा. तिथे आयएमसाठी १० युनिटच लिहिलेत, पण वार पडल्यानंतर देता येतात असं म्हटलंय. डोस तोच आहे, वेळ वेगळी आहे.

बऱ्याच असाइनमेंट इथेच घसरतात. ‘बाळाच्या जन्मानंतर लगेच ऑक्सिटोसिन दिलं’ असं वाक्य लिहून पुढे लेबलचा संदर्भ क्रमांक टाकला जातो. मॅडमनी लेबल उघडलं तर तिथे ‘वार पडल्यानंतर’ असं सापडतं, आणि बरोबर केलेली कृती कागदावर चुकीची दिसते. यात लेबलचा दोष नाही. कंपनीने पुरावा देऊन नियामकाकडून जेवढ्या वापराला मंजुरी घेतली, तेवढंच लेबलवर येतं. मार्गदर्शिका उपलब्ध अभ्यास एकत्र तपासून ठरवते. म्हणून ‘काय करावं’ या वाक्याखाली मार्गदर्शिकाच हवी.

बारकावा आणखी एक. ‘एका मिनिटाच्या आत’ हे शब्द लिहायचे असतील तर डब्ल्यूएचओच्या सेफ चाइल्डबर्थ चेकलिस्टचा संदर्भ द्या. तिथे ते थेट आहेत, आणि त्याआधी दुसरं बाळ पोटात नाही याची खात्री करायलाही सांगितलंय. ‘तिसऱ्या अवस्थेत’ आणि ‘एका मिनिटाच्या आत’ ही दोन वेगळी विधानं आहेत. एकाच संदर्भ क्रमांकावर दोन्ही लादली की त्यातलं एक लटकतं.

मार्गदर्शिकेचा संदर्भ लिहिणं तसं सोपं आहे, कारण तो कसा लिहायचा हे पुस्तिकेच्या सुरुवातीच्या पानांतच छापलेलं असतं:

```
World Health Organization. WHO recommendations: uterotonics
for the prevention of postpartum haemorrhage.
Geneva: World Health Organization; 2018.
```

लेखक म्हणून संस्थेचं नाव लिहायचं. समितीतल्या तज्ज्ञांची यादी शोधत बसू नका. मजकुरात क्रमांकासोबत शिफारशीचा किंवा पानाचा क्रमांकही द्यावा, असं माझं मत आहे. पुस्तिका लांबलचक असते आणि तपासणाऱ्याला थेट जागा मिळाली तर वाद उरत नाही.

आता साठवण. इथे लेबलचं पारडं जड होतं, आणि ते व्हायलाच हवं. ऑक्सिटोसिन हे पेप्टाइड आहे, उष्णतेने त्याची ताकद घटते. डब्ल्यूएचओ, युनिसेफ आणि यूएनएफपीए यांनी २०१९ मध्ये संयुक्त निवेदन काढून ते २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायला सांगितलं. पिटोसिनच्या लेबलवर मात्र २० ते २५ अंश आहे. दोघांपैकी कुणी चुकलेलं नाही. लेबल एका कंपनीच्या एका उत्पादनाबद्दल, नियंत्रित तापमानाच्या खोलीबद्दल बोलतं. निवेदन अशा सगळ्या ठिकाणांचा विचार करतं जिथे तशी खोली नसते. शाहूवाडी किंवा गगनबावड्याच्या प्राथमिक केंद्रात वीज गेल्यावर औषधाच्या कपाटाचं काय होतं, ते पोस्टिंग केलेल्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून डेलीमेडवरचं अमेरिकन लेबल उचलून ‘खोलीच्या तापमानाला ठेवावं’ असं लिहिणं धोक्याचं आहे. ते अँप्यूल तुमच्या वॉर्डात नव्हतंच. वॉर्डात जे होतं त्याचा खोका पाहा, त्यावरची साठवणीची ओळ वाचा, कंपनीचं नाव टिपून घ्या आणि त्याच उत्पादनाच्या माहितीपत्रकाचा संदर्भ द्या. माहितीपत्रक मिळालं नाही तर खोक्यावर काय छापलंय ते ब्रँड, कंपनी आणि बॅच क्रमांकासह मजकुरातच लिहा, आणि साठवणीच्या सर्वसाधारण नियमासाठी संयुक्त निवेदन द्या. खोक्याचा फोटो संदर्भयादीत टाकू नका, वाचणाऱ्याला तो कुठेच सापडणार नाही.

लेबल लिहिताना नेहमीची चूक म्हणजे लेखकाच्या जागी एफडीए किंवा डेलीमेड येणं. डेलीमेड हे ठेवण्याचं ठिकाण आहे आणि एफडीए मंजुरी देणारी संस्था. मजकूर कंपनीचा असतो. वर्ष घ्यायचं ते लेबलवर दिलेल्या सुधारणेच्या तारखेचं, औषध बाजारात आलं त्या वर्षाचं नाही. आणि एकाच औषधाची अनेक कंपन्यांची लेबलं तिथे असल्यामुळे नुसतं ‘ऑक्सिटोसिन लेबल’ असं लिहिलं तर कुणाचं, ते कळत नाही. एक गोष्ट लेबलच्या बाजूने सांगायला हवी: डेलीमेडवर जुन्या आवृत्त्याही राहतात. मजकूर बदलला तरी तुम्ही पाहिलेला मजकूर पुन्हा काढता येतो.

फॅक्ट शीटला नेमकं हेच जमत नाही, आणि माझा कल तिथेच ठरला.

डब्ल्यूएचओचं मातामृत्यूचं पान घ्या. २०२३ आणि २०२४ मध्ये त्यावर होतं की २०२० साली सुमारे २,८७,००० स्त्रिया गरोदरपणात किंवा प्रसूतीदरम्यान आणि त्यानंतर दगावल्या. २०२५ पासून त्याच पत्त्यावर २०२३ सालचा आकडा आहे, सुमारे २,६०,०००. पत्ता तोच, शीर्षक तेच, आतला आकडा निराळा. वरच्या वर्गातल्या ताईंच्या असाइनमेंटमधून संदर्भ जसाच्या तसा उतरवला आणि मजकुरात २,८७,००० ठेवले, तर लिंक उघडते पण आकडा जुळत नाही. तपासणाऱ्याच्या नजरेत तुम्ही आकडा मनाने लिहिलेला असतो. लिंक तुटली असती तर निदान कारण तरी दिसलं असतं. इथे सगळं जागच्या जागी दिसतं, म्हणून ही चूक जास्त त्रासदायक.

यातून आणखी एक गोंधळ निघतो. दोन आकडे हाताशी आले की ‘तीन वर्षांत २७,००० मृत्यू कमी झाले’ असं वाक्य लिहायचा मोह होतो. ते चुकीचं आहे. नव्या अहवालात मागच्या वर्षांचे अंदाजही नव्याने काढलेले असतात, त्यामुळे जुन्या अहवालातला २०२० आणि नव्या अहवालातला २०२३ यांची वजाबाकी करता येत नाही. कल दाखवायचा असेल तर एकाच अहवालातल्या तक्त्यातली दोन वर्षं घ्या.

म्हणून आकड्यासाठी फॅक्ट शीटवर थांबू नये, तिच्या मागच्या अहवालापर्यंत जावं. २,६०,००० चा उगम २००० ते २०२३ या काळातल्या मातामृत्यूच्या कलांवरचा संयुक्त अहवाल आहे. तो डब्ल्यूएचओ, युनिसेफ, यूएनएफपीए, जागतिक बँक गट आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या विभाग यांचा, आणि २०२५ ला प्रसिद्ध झाला. पुढचा अहवाल आला तरी या पीडीएफमधला आकडा हलणार नाही. शोधायला दहा मिनिटं जास्त जातात, पण ती वाया जात नाहीत.

मार्गदर्शिकाही जुनी होते, हे मान्य. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावर डब्ल्यूएचओची नवी एकत्रित मार्गदर्शिका आली. तिच्यात निदानाचा उंबरठाही बदलला: ५०० मिलिलिटरची वाट न पाहता, ३०० मिलिलिटर रक्तस्रावासोबत नाडी किंवा रक्तदाब बिघडला असेल तरी उपचार सुरू करायचे. त्यामुळे आज नवी असाइनमेंट लिहिणाऱ्याने आधी तीच उघडावी आणि २०१८ ची फक्त तिच्यातल्या विशिष्ट शिफारशीसाठी ठेवावी. फरक असा की मार्गदर्शिका जुनी झाल्याचं मुखपृष्ठावरच्या वर्षावरून कळतं. फॅक्ट शीट बदलल्याचं तुमच्या संदर्भयादीवरून कळत नाही.

फॅक्ट शीट अजिबात वापरू नये, असं मात्र म्हणणार नाही. मातेला द्यायच्या आरोग्यशिक्षणाच्या भागात, धोक्याची लक्षणं सोप्या शब्दांत मांडताना, ती मार्गदर्शिकेपेक्षा उपयोगी पडते. तिथे आकडा नसतो, भाषा हवी असते. तेव्हा ती अशी लिहा:

```
World Health Organization. Maternal mortality [Internet].
Geneva: World Health Organization; [updated YYYY Mon DD;
cited YYYY Mon DD]. Available from:
https://www.who.int/news-room/fact-sheets/detail/maternal-mortality
```

दोन्ही तारखा हव्यात. पहिली पानावर दिलेली असते, दुसरी तुम्ही ते वाचलंत त्या दिवशीची. त्याच दिवशी पानाची पीडीएफ काढून असाइनमेंटच्या फोल्डरमध्ये ठेवा, किंवा web.archive.org/save वर पत्ता टाकून प्रत जतन करा आणि व्हायवाच्या वेळी ती लिंक जवळ असू द्या. सबमिशनच्या आदल्या रात्री पान पुन्हा उघडून आकडा आणि तारीख जुळवून पाहा. बदललं असेल तर आधी मजकूर सुधारा, मग संदर्भ.