710चा प्लाय सांगून भुशाचा बोर्ड गळ्यात मारला

आमची डोंबिवलीची बेडरूम दहा बाय नऊ. पलंग आणि कपाट लावल्यावर बाथरूमच्या भिंतीला लागून तीन फुटांची जागा उरते. तिथेच आरसा, त्याच्या दोन्ही बाजूंना उभे लाइट आणि वर-खाली खण, असं ड्रेसिंग करून घ्यायचं ठरवलं. तीन बाय सात म्हणजे 21 फूट, दर 1,650, आरसा-लाइटचे पैसे वेगळे. त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, म्हणून माझी एकच अट होती: प्लाय 710चा, म्हणजे मरीनच हवा.

"ताई, पाण्यात बुडवून ठेवा, काही होणार नाही," इति कॉन्ट्रॅक्टर. पहिल्या दिवशी एक शीट घरी आणून त्यावरचा आयएसआयचा शिक्का आणि IS 710 हा आकडा दाखवला. मी फोटोही काढला. मग म्हणाला, "घरात भुसा नको, कारखान्यात कापून आणतो." मला तर ते फारच आवडलं! शीट गेली, आणि चार दिवसांनी आले ते वरून लॅमिनेट आणि कडांना पट्टी चिकटवलेले तयार खोके. आत काय आहे हे बघायला फटच नाही. मी सगळे पैसे चुकते केले.

ऑगस्टमध्ये खालचा खण अडकायला लागला. मग एका दाराचा बिजागरीचा स्क्रू निसटला आणि त्याच्याबरोबर चमचाभर भुगा पडला. बिजागरी सोडवली. तिची वाटी बसते तो रुपयाच्या नाण्याहून बराच मोठा गोल खड्डा आत कोराच असतो, तिथे लॅमिनेट नसतं. प्लाय असता तर कडेला एकावर एक पापुद्रे दिसले असते, एक उभ्या रेषेचा, एक आडव्या. आमच्याकडे होता नुसता दाबलेला लाकडाचा चुरा, म्हणजे पार्टिकल बोर्ड. ओल लागली की हा फुगतो आणि वाळला तरी पूर्ववत होत नाही. लाइट मात्र छान लागलेत, हे कबूल. त्याच उजेडात तो खड्डा नीट दिसला.

फोन केला तर उत्तर आलं, "तुमच्या बाथरूमचं लीकेज आहे." कोटेशन काढून बघितलं, तर त्यात फक्त "18 एमएम बोर्ड". 710 हा आकडा कुठेच नाही, तो सगळा तोंडी व्यवहार.

शेवटचा हप्ता देण्याआधी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन एक बिजागरी सोडवा आणि खड्ड्यात टॉर्च मारून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. तयार खोके येणार असतील तर दार लावायच्या आधीच बघा.

आता दुसऱ्या सुताराकडून खालचे खोके बदलून घेतलेत, जमिनीपासून तीन इंच उचलून. फळ्या आमच्या पार्किंगमध्ये, माझ्यासमोर कापल्या. भुसा मीच झाडला.