वर्कशॉप विकत घेतलं, गुडविल कागदावर आलंच नाही

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या सीएनसी वर्कशॉपचा सौदा ६२ लाखांत झाला. करारात दोनच रकमा होत्या: मशिनरी ४८ लाख, माल १४ लाख. विकणाऱ्याने आधीच पटवलं होतं, "दादा, गुडविल दाखवू नका. स्वतः कमावलेल्या नावाची खरेदी किंमत शून्य धरतात, सगळ्या रकमेवर मला टॅक्स बसेल." हे खोटं नाही, म्हणून तर माणूस फसतो. शेवटी एक ओळ घातली: विकणारा ५ वर्षं भारतात कुठेही हा धंदा करणार नाही.

चार महिन्यांत त्याने सिन्नरला मुलाच्या नावावर तेच काम सुरू केलं. जुनी तीन मोठी गिऱ्हाइकंही तिकडे वळली.

१८७२च्या करार कायद्याचं कलम २७ धंद्यावर बंदी घालणारा करार रद्दबातल ठरवतं. गुडविल विकणाऱ्याला मात्र ठरावीक हद्दीत तसाच धंदा न करण्याची अट घालता येते, तीही घेणारा तिथे तो धंदा करतोय तोपर्यंत, आणि हद्द कोर्टाला वाजवी वाटली तर. इथे विकणारा सरळ म्हणाला, "मी लोखंड विकलं, नाव नाही." अंबड-सातपूर-सिन्नरपुरत्या गिऱ्हाइकांसाठी "भारतभर" लिहिल्याने बाजू आणखी लंगडी झाली. मुलगा तर करारात पक्षकारच नव्हता.

गुडविलला वेगळी रक्कम दाखवून, "नाशिक जिल्हा, ३ वर्षं, टर्निंग-मिलिंगचं जॉबवर्क, स्वतः किंवा घरच्यांच्या नावाने, भांडवल पुरवूनही नाही" असं लिहिलं असतं तर उभं राहायला जागा होती. टॅक्सचा बोजा भावात वाटून घेता आला असता. शिवाय ८-१० लाख दोन वर्षांनी द्यायचे ठेवले असते तर कोर्टाची पायरी चढण्याआधीच हातात काहीतरी राहिलं असतं.

वर्कशॉपमधल्या फोरमनचं वेगळंच. "सोडल्यावर २ वर्षं दुसरीकडे जाणार नाही" अशी अट त्याच्या नेमणूक पत्रात होती, पण दुसरीकडे काम न करण्याची अट कामावर असेपर्यंतच चालते. नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी सुप्रीम कोर्टाने १९८०मध्ये मान्य केली नाही. तो सिन्नरला गेला, त्याला कुणी अडवू शकत नाही.

गोपनीयतेची अट मात्र नोकरी सुटल्यावरही टिकू शकते. पण हातातलं कसब, कुठल्या स्टीलला किती फीड द्यायची हे त्याचंच. मालकाने स्वतः बनवलेल्या फिक्स्चरची ड्रॉइंग्ज आणि दरपत्रकं मालकाची. गिऱ्हाइकाने दिलेली ड्रॉइंग्ज गिऱ्हाइकाची, त्यांवर मालकाचा हक्क नाही. पत्रात नुसतं "सर्व माहिती गोपनीय" होतं, एकाही ड्रॉइंगचा नंबर नव्हता.

सिन्नरला तसंच फिक्स्चर दिसलं, तरी ते फाइलमधून गेलं हे सिद्ध करता येईना. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सगळ्यांना एकच लॉगिन होता, आणि पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला.