सहभागींना निकाल कळवायचा: टपालाने, व्हॉट्सअ‍ॅपवर की पाड्यावर जाऊन?

अभ्यास संपल्यावर सहभागींना आभाराचं पत्र आणि निष्कर्षांचा सोप्या भाषेतला सारांश द्यायचा, हे ठरवायला वेळ लागत नाही. अडतं ते पुढे. एकच पत्र की दोन? टपाल, मोबाइल की प्रत्यक्ष भेट? नाशिकमध्ये सामुदायिक वैद्यकशास्त्राचा किंवा नर्सिंगचा प्रबंध हातावेगळा करत आणलेल्या आणि नेमक्या इथेच अडलेल्या विद्यार्थ्यासाठी हे लिहिलं आहे. नियमांचा मुद्दा दोन ओळींत उरकतो. संशोधनाचा एकूण निकाल काय लागला हे जाणून घेण्याचा पर्याय सहभागींना मिळाला पाहिजे, असं हेलसिंकी जाहीरनाम्याच्या 2013 च्या आवृत्तीत आहे. युरोपीय संघात तर औषधचाचणी संपल्यापासून साधारण वर्षभरात सामान्यांसाठीचा सारांश जाहीर करणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्या प्रबंधाला तो कायदा लागू नाही, पण त्यातली मुदत डोळ्यांसमोर ठेवायला चांगली.

बोलायला सोपं जावं म्हणून एक कल्पित अभ्यास घेऊ. दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतल्या द्राक्षबागांत औषध फवारणारे 180 मजूर. त्यातल्या 90 जणांना हातमोजे, चष्मा आणि मास्कचा संच दिला, वापरायला शिकवलं. उरलेले 90 नेहमीसारखंच काम करत राहिले. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत किती जणांना अंगावर पुरळ उठलं किंवा डोळ्यांची जळजळ झाली ते नोंदवलं. संच मिळालेल्यांत 27 जणांना त्रास झाला, न मिळालेल्यांत 36 जणांना. यातले बरेचसे मजूर सुरगाणा आणि पेठच्या पाड्यांवरून मुकादमाबरोबर टोळीने आलेले, काढणी संपली की गावी परतणारे. बाकीचे तिथलेच.

एक पत्र की दोन

एकाच पत्रात आभार आणि निकाल दोन्ही बसवले तर काम एकदाच होतं, खर्च एकदाच होतो. पण निकाल हातात येईपर्यंत विश्लेषण, मार्गदर्शकांची तपासणी, प्रबंध जमा करणं यात महिने जातात. तोवर ज्यांनी रक्त दिलं, ज्यांनी दर पंधरवड्याला तीच प्रश्नावली पुन्हा भरली, त्यांना वाटतं की ही मंडळी आली तशी गेली. पुढच्या वर्षी दुसरा विद्यार्थी त्याच गावात गेला की "मागच्यांनी काय केलं ते आधी सांगा" हे ऐकून घ्यावं लागतं ते त्यालाच.

म्हणून माझं मत दोन टप्प्यांचं. शेवटच्या भेटीतच हातात द्यायचं छोटं आभाराचं पत्र: काम संपलं, तुमची माहिती अशी जपून ठेवली आहे, निकाल अमुक महिन्याच्या सुमारास कळवू, आणि कसा कळवलेला आवडेल ते सांगा. मग निकालाचं दुसरं पत्र. यात एक धोका आहे आणि तो खरा आहे: परीक्षा झाली की विद्यार्थी नाशिक सोडतो आणि दुसरं पत्र राहून जातं. त्यावर उपाय एकच, सारांशाचा मसुदा प्रबंधाबरोबरच लिहून विभागात ठेवणं आणि पाठवण्याची जबाबदारी विभागातल्या कायमस्वरूपी माणसाच्या नावावर टाकणं. हे जमण्यासारखं नसेल तर एकच पत्र बरं, फक्त ते प्रबंध जमा होण्याच्या आठवड्यातच निघालं पाहिजे.

पत्रं एक असोत वा दोन, मसुदा नैतिकता समितीकडून आधी मंजूर करून घ्यायचा. आणि संमतीपत्र काढून बघायचं: "माहिती भरून झाल्यावर नाव-पत्ता नष्ट करू" असं लिहून दिलं असेल तर तुमच्याकडे पाठवायला पत्ताच उरलेला नाही, किंवा उरला असेल तर तुम्ही दिलेला शब्द मोडला आहे. अशा वेळी निकाल गावपातळीवरच सांगता येतो.

एखाद्याच्या रक्ततपासणीत काही बिघाड निघाला असेल, म्हणजे फवारणीच्या औषधांनी कमी होणारं कोलिनेस्टरेज घसरलेलं असेल, तर ते त्याला त्याच वेळी सांगून उपचाराला पाठवायचं असतं. ती बातमी निकालाच्या पत्रासाठी थांबवून ठेवायची नाही, आणि वैयक्तिक रिपोर्ट त्या पत्रात घालायचाही नाही.

निकालाचा परिच्छेद

सगळ्यात जास्त पत्रं बिघडतात ती इथे, आणि मार्ग कुठलाही निवडला तरी हा परिच्छेद तोच राहतो. आपल्या अभ्यासाचे तीन मसुदे शेजारी ठेवून पाहू.

पहिला: "संचाच्या वापरामुळे त्रास 25 टक्क्यांनी कमी झाला." हिशोब बरोबर आहे, कारण शंभरात 40 वरून 30 वर येणं म्हणजे 40 चा चौथा हिस्सा कमी होणं. पण वाचणाऱ्याला वाटतं की शंभरातले 25 जण वाचले. प्रत्यक्षात वाचले असतील तर 10. त्यातही हा फरक योगायोगाने पडला असण्याची शक्यता इतक्या छोट्या गटांत बरीच आहे. विश्वासमर्यादा काढली तर खरा फरक शंभरात 24 जणांच्या फायद्यापासून ते 4 जणांच्या तोट्यापर्यंत कुठेही असू शकतो. तेव्हा "मुळे" हा दावा करायला तुमच्याकडे आधार नाही.

दुसरा: "दोन्ही गटांत फरक आढळला नाही." प्रबंधात मार्गदर्शक असं काहीसं चालवून घेतील. मजूर मात्र याचा अर्थ सरळ लावेल: हातमोजे घालून उपयोग नाही, उगाच उन्हात घाम कशाला काढायचा. आणि संचाचे पैसे देऊ की नको अशा विचारात असलेल्या बागाईतदाराला आयतं कारण मिळेल.

तिसरा, मला पटणारा:

"संच मिळालेल्या 90 जणांपैकी 27 जणांना पुरळ किंवा डोळ्यांची जळजळ झाली. संच न मिळालेल्या 90 जणांपैकी 36 जणांना झाली. म्हणजे संच मिळालेल्यांना त्रास थोडा कमी झालेला दिसतो. पण आमच्या अभ्यासात माणसं कमी होती. त्यामुळे हा फरक संचामुळे पडला की तसाच पडला, हे आम्ही खात्रीने सांगू शकत नाही. हातमोजे आणि चष्मा निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. फवारताना ते घालत राहा. ज्यांना संच मिळाला नव्हता त्यांनाही आता तो देत आहोत."

यात टक्का नाही, आकडे माणसांचे आहेत आणि दोन्हीकडे एकूण 90 च आहेत, त्यामुळे तुलना डोळ्यांना दिसते. गट लहान-मोठे असते तर दोन्हीकडे "शंभरात किती" असं करून द्यावं लागलं असतं. शेवटचं वाक्य अर्थात संच द्यायची तयारी झाली असेल तरच लिहायचं.

हा परिच्छेद लिहून झाला की अभ्यासात नसलेल्या तीन-चार मजुरांना वाचून दाखवा आणि "यातून तुम्हाला काय कळलं, घरी जाऊन काय सांगाल?" एवढंच विचारा. "कळलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. उत्तर "हातमोज्याने काही होत नाही" असं आलं किंवा "हातमोजे घातले की त्रासच नाही" असं आलं, तर दोन्ही वेळा दोष परिच्छेदाचा.

गावांची किंवा बागांची नावं सारांशात नकोत. एका बागेतून पाच-सहाच मजूर आले असतील तर कोणी काय सांगितलं हे मालकाला अंदाजाने ओळखता येतं, आणि पुढच्या हंगामात त्या माणसाला काम मिळतं की नाही हे मालकावरच असतं.

कोणत्या मार्गाने

टपालाची मोठी जमेची बाजू म्हणजे कागद घरात राहतो. पुढे कधी डॉक्टरकडे जाताना दाखवता येतो, शाळेत जाणारी मुलगी वाचून दाखवते. अडचण पत्त्याची. नोंदणीच्या वेळी मजुराने सांगितलेला पत्ता बहुतेक वेळा बागेचा असतो, म्हणजे पत्र मालकाच्या हातात पडणार. गावचा पत्ता हवा तर पाडा, ग्रामपंचायत, टपाल कार्यालय आणि पिनकोड हे पहिल्याच भेटीत लिहून घ्यावं लागतं, नंतर ते कोणी शोधून देत नाही. पाकीट साधं असावं. त्यावर अभ्यासाचं नाव छापलेलं नको. आपल्या अभ्यासात त्याने फार बिघडणार नाही, पण क्षयरोगाचा किंवा एचआयव्हीचा अभ्यास असेल तर पाकिटावरच्या एका ओळीने घर मोडू शकतं. अशा विषयांत मी टपालाचा विचार सहभागीने स्वतः मागितल्याशिवाय करणार नाही. पत्रं टाकण्याआधी यादी त्या भागातल्या आशाताईंकडून तपासून घ्या. मात्र यादीवर अभ्यासाचा उल्लेख नको, आणि विषय नाजूक असेल तर ही यादी त्यांनाही दाखवायची नाही. दरम्यान कोणी वारलं असेल तर त्याच्या नावाने "तुमच्या सहभागाबद्दल आभार" असं पत्र घरी जाणं फार वाईट.

व्हॉट्सअ‍ॅप स्वस्त आणि झटपट. दोन मिनिटांचा आवाजी संदेश असला तर वाचता न येणाऱ्यालाही ऐकता येतो, आणि सुरगाण्याच्या बाजूच्या लोकांसाठी तो कोकणा बोलीतही करता येतो. पण ग्रुप काढू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाला बाकीच्यांचे नंबर दिसतात, म्हणजे कोण कोण अभ्यासात होतं ते उघड झालं. ब्रॉडकास्ट यादी वापरली तर ते टळतं, पण तिची एक खोड अनेकांना ठाऊक नसते: ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला नाही त्याला संदेश पोहोचतच नाही. तुम्हाला वाटतं 180 जणांना गेला, प्रत्यक्षात कदाचित निम्म्यांनाही मिळालेला नसतो. पाठवल्यावर संदेशाची माहिती उघडून तो किती जणांना पोहोचला ते बघायचं, आणि उरलेल्यांना एकेकट्याला पाठवायचा. शिवाय एकच फोन घरात चौघे वापरतात, दिलेला नंबर कधी मुकादमाचा निघतो आणि सिम तर हंगामागणिक बदलतं.

पाड्यावर जाऊन बैठक घेणं सगळ्यात महाग आणि माझ्या मते या अभ्यासासाठी सगळ्यात योग्य. प्रश्न विचारले जातात, गैरसमज तिथल्या तिथे कळतो, उरलेले संचही वाटता येतात. वेळ मात्र नेमकी साधायला हवी. काढणी संपून टोळ्या गावी परतल्यावर आणि पावसाळ्याची लावणी सुरू होण्याआधी, म्हणजे मे महिना किंवा जूनचे पहिले दिवस. बागेवर बैठक घेतली तर मालक आणि मुकादम हजर राहतात आणि मजूर तोंड उघडत नाहीत. बैठक सगळ्या गावासाठी खुली ठेवायची, "फक्त अभ्यासातले लोक या" असं म्हटलं की पुन्हा ओळख उघड होते. विषय लपवण्यासारखा असेल तर हा मार्ग बादच.

तेव्हा आपल्या 180 जणांसाठी मी असं करेन. गावी परतणाऱ्यांसाठी पाड्यावर बैठक, तिथेच एका पानाचं ठळक अक्षरातलं पत्र हातात. स्थानिक मजुरांना तेच पत्र घरच्या पत्त्यावर टपालाने. व्हॉट्सअ‍ॅप फक्त त्यांना, ज्यांनी आभाराच्या पत्राच्या वेळी तसं सांगितलं होतं. पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर बैठक धरा आणि टपाल सोडा. मात्र तुमचे सहभागी शहरातले, एका पत्त्यावर टिकून राहणारे असतील, समजा सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कायम कामगार, तर हा क्रम उलटा होतो आणि टपाल पुढे येतं.

किती पत्रं परत आली, बैठकीला किती आले आणि कितींनी निकाल नको असं सांगितलं होतं, हे नोंदवून नैतिकता समितीला द्यायच्या शेवटच्या अहवालाला जोडा. नको म्हणणाऱ्यांची नावं यादीतून पाठवण्याआधी काढायची असतात, नंतर नाही.