एसपीआय बघायचा की अर्न्ड शेड्यूल?

टीममधल्या एकाने विचारलं, प्रोजेक्ट वेळेत चाललाय का हे सांगायला रिपोर्टमध्ये दोन्हीतला कुठला आकडा टाकू, म्हणून एक साधं उदाहरण घेते. १० महिन्यांचं काम, बजेट १ कोटी, दर महिन्याला १० लाखांचं काम ठरलेलं.

६ महिने झाले, काम झालंय ४५ लाखांचं, हा EV, व्हायला हवं होतं ६० लाखांचं, हा PV. `SPI = EV / PV` म्हणजे 0.75. अर्न्ड शेड्यूल विचारतं की ४५ लाखांचं काम प्लॅनमध्ये कधी व्हायचं होतं? साडेचार महिन्यांत. ४.५ भागिले ६, परत 0.75. इथपर्यंत दोघं सारखेच, एकापेक्षा कमी म्हणजे प्लॅनच्या मागे.

खरा फरक मुदत उलटल्यावर दिसतो. १२व्या महिन्यात ९० लाखांचं काम झालंय पण PV १ कोटीवरच थांबलेला, त्यामुळे एसपीआय 0.90 आणि काम संपलं की थेट 1, मग कितीही उशीर होवो, आणि हे मला खरंच धोक्याचं वाटतं कारण वरचे लोक तोच आकडा बघून निश्चिंत होतात! अर्न्ड शेड्यूल मात्र ९ भागिले १२, 0.75च सांगतं. १० भागिले 0.75 केलं की अंदाजही मिळतो, साधारण १३.३ महिने.

मेहनत थोडी जास्त, दर महिन्याचा PV तक्ता लागतो. आणि क्रिटिकल पाथ, म्हणजे ज्या कामांच्या साखळीवर शेवटची तारीख ठरते ती, दोघांनाही दिसत नाही, सोपी कामं आधी उरकली तरी आकडा चांगलाच येतो, तेव्हा क्रिटिकल पाथ वेगळा बघाच.

सुरुवातीच्या निम्म्या काळात झटपट आढाव्याला एसपीआय पुरे. डिलिव्हरीची तारीख सांगायचीये किंवा काम लांबलंय, तर अर्न्ड शेड्यूलच घ्या.