‘लाइफटाइम कमर्शियल लायसन्स’ म्हणून विकलेले मराठी फॉन्ट

सांगलीत आमचं मसाल्यांचं दुकान आहे. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी असा माल. दुकानाची पाटी आणि पाऊच नव्याने करताना आम्ही समाजमाध्यमावरच्या एका जाहिरातीवरून मराठी फॉन्टचा गठ्ठा विकत घेतला: ‘५०० सुलेखन फॉन्ट, ४९९ रुपये, लाइफटाइम कमर्शियल लायसन्स’. यूपीआयने पैसे दिल्यावर डाउनलोडची लिंक आली आणि सोबत सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र आलं. त्यातल्याच एका फॉन्टमध्ये पाटीवरची अक्षरं झाली, पाऊचवरचं नाव झालं, दिवाळीच्या जाहिरातीही झाल्या.

पुढे त्या जाहिराती पाहून फॉन्टच्या खऱ्या कर्त्याचा ईमेल आला. हा फॉन्ट फक्त वैयक्तिक वापरासाठी मोफत आहे, व्यवसायासाठी परवाना घ्यावा लागतो, तुमचा परवाना आम्हाला दाखवा, असा मजकूर होता. आम्ही प्रमाणपत्र पाठवलं. उत्तर आलं, ‘यात आमचं नाव कुठे आहे?’ खरंच कुठे नव्हतं. फॉन्टचंही नाव नव्हतं, विकणाऱ्याचा पत्ता नव्हता, कोणत्या वापराला परवानगी आहे तेही नव्हतं. ‘१०० टक्के कमर्शियल’ एवढंच. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३० सांगतं की परवाना लेखी हवा आणि तो हक्काच्या मालकाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने दिलेला हवा. तिसऱ्याच कुणी छापलेल्या कागदाला म्हणून काही अर्थ उरत नाही, त्याची किनार कितीही सोनेरी असो.

आता त्या गठ्ठ्यात काय होतं ते नीट सांगते, कारण फसवणूक तिथेच आहे. फाइलींची नावं बदललेली होती, ‘मराठी रॉयल १२’, ‘मराठी रॉयल १३’ अशी. पण फाइलीचं वरचं नाव बदललं म्हणून आतली नोंद बदलत नाही. विंडोजमध्ये फॉन्टच्या फाइलीवर राइट क्लिक करून Properties मधला Details हा भाग उघडला की कॉपीराइटची ओळ दिसते. आमच्या ‘मराठी रॉयल १२’ मध्ये तिथे त्या ईमेलवाल्या कर्त्याचं नाव जसंच्या तसं होतं. आणखी खोलात जायचं तर फॉन्टफोर्ज हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात Element, मग Font Info, मग TTF Names उघडलं की परवान्याचा मजकूर आणि परवान्याच्या पानाचा पत्ता अशा दोन वेगळ्या नोंदी दिसतात. आमच्या फॉन्टमध्ये त्या दोन्ही होत्या आणि मजकुरात ‘वैयक्तिक वापरापुरता’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

याच नोंदीचा आम्हाला दुसराही उपयोग झाला. अशा ईमेलच्या नावाखाली पैसे उकळणारेही असतात, त्यामुळे आम्ही ईमेलमधल्या लिंकवर काहीच भरलं नाही. फाइलीतला पत्ता स्वतः टाइप करून त्या संकेतस्थळावर गेलो, तिथल्या संपर्काच्या पत्त्यावर लिहिलं, आणि माणूस खरा निघाला.

गठ्ठ्यातले बाकीचे फॉन्टही उघडून पाहिले. त्यात बलू, मुक्ता आणि कलम होते, तेही नाव बदलून. हे तिन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. त्यांचा परवाना ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ आहे आणि त्यात पाटी, पाऊच, जाहिरात सगळं चालतं, कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. मनाई आहे ती नुसता फॉन्ट सुटा विकायला, आणि फॉन्ट पुढे देताना परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा लागतो. म्हणजे या विक्रेत्याने जे फुकट होतं त्याचे पैसे घेतले आणि जे विकायचा त्याला हक्कच नव्हता तेही विकलं. गूगल फॉन्ट्सवरून असा फॉन्ट उतरवला की झिपमध्ये OFL.txt नावाची फाइल येते. ती जपून ठेवा. आमच्या गठ्ठ्यातून त्या सगळ्या काढून टाकलेल्या होत्या.

पाऊच छापणारे म्हणाले, “वहिनी, कर्व्हज केलं की फॉन्ट राहतोच कुठं? कशाला घाबरताय?” हे वाक्य प्रत्येक छापखान्यात ऐकू येतं, आणि ते सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. कर्व्हज करणं म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करणं. तसं केल्यावर छापखान्याला फॉन्टची फाइल द्यावी लागत नाही, इतकंच खरं आहे. ज्या संगणकावर ती अक्षरं टाइप झाली तिथे फॉन्ट परवान्याशिवाय होता, ते कर्व्हजने पुसलं जात नाही.

कर्त्याशी बोलताना कळलं की त्याच्याकडे परवान्याचे प्रकार वेगवेगळे आहेत. डेस्कटॉप परवान्यात किती संगणकांवर फॉन्ट टाकायचा ते ठरलेलं असतं, आणि त्यात पाटी आणि पाऊच येत होते. ऑनलाइन जाहिरातीला त्याचा परवाना वेगळा होता. दुसऱ्या कर्त्यांकडे ही विभागणी निराळी असते. कुणी जाहिरातीचं साधं चित्र डेस्कटॉपमध्येच धरतात, कुणी बोधचिन्हासाठी वेगळी परवानगी मागतात. त्यामुळे ‘कमर्शियल’ हा शब्द दिसला म्हणून थांबू नका. आपल्या तीन वापरांची नावं लिहून थेट विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आम्ही हिशेब मांडला. पाऊच रोटोग्रॅव्ह्युअरवर छापलेले, म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळं कोरलेलं सिलिंडर लागतं. नाव मरून रंगात, म्हणून फॉन्ट बदलायचा तर त्या एकाच रंगाचं सिलिंडर नवं करावं लागलं असतं, पण छापून लॅमिनेट झालेले रोल टाकून द्यावे लागले असते. पाटीवर ॲक्रिलिकची कापलेली अक्षरं, ती सगळी उतरवावी लागली असती. त्यापेक्षा डेस्कटॉप परवाना घेणं खूप स्वस्त पडत होतं. कर्त्याने तो मागच्या वापरालाही लागू असल्याचं लेखी दिलं. बीजक आमच्या दुकानाच्या नावावर घेतलं, डिझायनरच्या नावावर नाही, कारण उद्या विचारणा आम्हालाच होणार. जाहिराती मात्र बदलायला सोप्या, म्हणून त्या जुन्या उतरवून बलूमध्ये नव्याने केल्या. माणूस समजूतदार होता म्हणून एवढ्यावर निभावलं. फॉन्टची फाइल कायद्याने संगणक प्रोग्रॅमसारखी धरली जाऊ शकते, आणि प्रोग्रॅमची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरण्यावर त्याच कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे.

विक्रेत्याविरुद्ध सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि प्रमाणपत्र जोडलं. फोन उचलणं त्याने केव्हाच बंद केलं आहे. पण तोच गठ्ठा आता दुसऱ्या नावाने, २९९ रुपयांना फिरतो आहे. नमुन्याच्या चित्रात फॉन्टची खरी नावं कुठेच दिसत नाहीत, बीजक मागितलं की ‘डिजिटल मालाला बिल नसतं’ असं उत्तर येतं, आणि प्रमाणपत्राची सोनेरी किनार तीच आहे.