प्रत्येक मेलला आपोआप फूटर: सात महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या ऑफिसचा मेल मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरवर आहे आणि त्याचं सेटिंग माझ्याकडे असतं. सात महिन्यांपूर्वी ठरलं की बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलखाली गोपनीयतेचा मजकूर गेला पाहिजे. लोकांना आपापल्या सहीत तो टाकायला सांगितलं असतं, तर निम्म्यांनी टाकला नसता आणि उरलेल्यांनी जुना टाकला असता. म्हणून सर्व्हरवरच मेल फ्लो रूल केला: पत्ता ऑफिसबाहेरचा असेल तर मेलच्या शेवटी फूटर जोड. दहा मिनिटांचं काम. मोबाइलवरून मेल करा, वेबवरून करा, फूटर चुकत नाही. हा भाग आजही तितकाच चोख चालतो आणि त्यासाठी हा रूल मी ठेवणारच आहे.

त्रास कळायला दोन महिने लागले. सेल्समधल्या सहकाऱ्याने मला त्याच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाला, "हा ट्रेल शेवटपर्यंत वाचून दाखवा." एका ग्राहकाशी ड्रॉइंगच्या मंजुरीवरून झालेला पत्रव्यवहार होता, चौदा मेलचा. त्यातले सात आमचे. आमचा फूटर साधारण नव्वद शब्दांचा होता. ट्रेलच्या तळाशी तो एकाखाली एक सात वेळा लागलेला, म्हणजे सहाशे तीस शब्द. ग्राहकाचा शेवटचा निरोप होता चार शब्दांचा: मंजूर आहे, पुढे जा. ग्राहकाकडे अख्खा ट्रेल प्रिंट करून फाइलला लावायची पद्धत आहे आणि प्रिंटची शेवटची पानं नुसत्या फूटरनी भरत होती. त्यांनी ते दोनदा फोन करून सांगितलं होतं. आमच्या माणसाला वाटलं ते सहीबद्दल बोलताहेत.

हे मला आधी का दिसलं नाही, ते सांगतो, कारण असा रूल लावणाऱ्या प्रत्येकाची इथेच फसगत होते. फूटर सर्व्हरवर, मेल निघाल्यानंतर जोडला जातो. त्यामुळे पाठवणाऱ्याच्या सेंट आयटम्समध्ये तो नसतोच. रूल फक्त बाहेरच्या पत्त्यांसाठी असल्यामुळे सीसीत असलेल्या आमच्याच लोकांना मिळालेल्या प्रतीतही तो नसतो. तो आपल्याला दिसतो तो ग्राहकाने उत्तर दिल्यावर, खाली कोट होऊन. आणि उत्तर आल्यावर माणूस वरचा निरोप वाचतो, तळाशी जातो कोण?

ढीग का होतो, हे एकदा कागदावर मांडून बघितलं तेव्हा लख्ख कळलं. सर्व्हरपुढे येतो तो एक अखंड मेल. त्यात वरच्या दोन ओळी आत्ताच्या आहेत आणि खालचं सगळं मागचं आहे, हा भेद रूल करत नाही. शेवटी जोड म्हटलं की तो अख्ख्या ट्रेलच्या शेवटी जोडतो. पहिल्या मेलखाली एक. ग्राहकाचं उत्तर येतं, त्यात तो कोट झालेला. आपण उत्तर देतो, तर त्या कोटच्याही खाली दुसरा. निरोप नवे वर, जुने खाली असे रचले जातात आणि फूटर बरोबर उलटे: जुना वर, नवा सगळ्यात खाली. म्हणजे नव्या निरोपाचा फूटर त्या निरोपापासून सगळ्यात लांब. ज्याच्यासाठी हा मजकूर लिहिला, त्याच्या नजरेलाच तो पडत नाही.

पहिला उपाय मनात आला तो असा की उत्तराला फूटर लावूच नये. उत्तराच्या हेडरमध्ये `In-Reply-To` असतं, त्यावरून ओळखता येतं. पण सुरुवात ग्राहकाने केली तर आमचा पहिला मेलसुद्धा उत्तरच असतो. मग त्या अख्ख्या ट्रेलला फूटर मिळणारच नाही. आमच्याकडे निम्मं काम ग्राहकाच्या चौकशीपासून सुरू होतं, तेव्हा तो विचार सोडला.

खरा उपाय रूलच्या अपवादात आहे: मेलमध्ये आपला फूटर आधीच असेल तर पुन्हा जोडू नकोस. मी अपवादासाठी फूटरचं पहिलं बारा शब्दांचं वाक्य दिलं आणि काम झालं असं समजून बसलो. बहुतेक ट्रेल सुधारले, पण दोन ग्राहकांचे वाढतच राहिले. त्यांचा मेल साध्या टेक्स्टमध्ये येत होता. त्यात लांब ओळ मधेच तुटते आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला `>` लागतं. माझं बारा शब्दांचं वाक्य दोन तुकड्यांत पडलं होतं, त्यामुळे ते जुळेना. मग फूटरच्या शेवटी एक छोटा सलग कोड टाकला, ज्यात जागा नाही की डॅश नाही, आणि पॉवरशेलमधून अपवाद त्यावर लावला:

```
Set-TransportRule "Footer" `
  -ExceptIfSubjectOrBodyContainsWords "FTR7Q"
```

एकच शब्द असल्यामुळे तो मधेच तुटत नाही, आणि इतर कुठल्या मजकुरात चुकून येण्याची शक्यता जवळजवळ नाही. हा कोड पांढऱ्या अक्षरांत लपवायचा मोह होतो, तो टाळा. साध्या टेक्स्टमध्ये रंग उडतो आणि ग्राहकाला शेवटी एक अनाकलनीय शब्द दिसतो. आम्ही तो "मजकूर क्र." असं लिहून उघड ठेवला आहे. कोणी विचारलं नाही.

आता ट्रेलमध्ये एकच फूटर राहतो. कोणी मागचं सगळं पुसून उत्तर दिलं तर नवा लागतो, आणि ते योग्यच आहे. एकदा फसलं ते आमच्याच चुकीने: फूटरबद्दलच्या चर्चेत कोणीतरी कोड मेलमध्ये लिहिला, तोच मेल पुढे ग्राहकाला गेला, आणि रूलने फूटर आहेच असं धरून तो वगळला.

आणखी एक सेटिंग सुरुवातीलाच बघा. एन्क्रिप्ट केलेल्या मेलमध्ये सर्व्हरला काही जोडता येत नाही. तेव्हा काय करायचं, हे फॉलबॅकमध्ये सांगायचं असतं आणि कमांडमध्ये काही सांगितलं नाही तर `Wrap` धरलं जातं. त्यात फूटरचा एक नवा मेल तयार होतो आणि मूळ मेल त्याला अटॅचमेंट म्हणून लागतो. आमच्या लेखा विभागाचे एन्क्रिप्टेड मेल समोरच्याला असे पोचत होते. वर फूटर, आत अटॅचमेंट. समोरच्याने ती उघडलीच नाही, कारण अनोळखी अटॅचमेंट उघडू नये हे आपणच सगळ्यांना शिकवलेलं असतं. आम्ही `Ignore` केलं. असा मेल आता फूटरशिवाय जातो, आणि लीगलच्या मॅडमनी ते लेखी मान्य केलं आहे.

त्यांच्याबरोबरच बसून नव्वद शब्दांचे सव्वीस केले. त्यांनी एकच अट घातली, "मेल चुकून मिळाला असेल तर कळवा" ही ओळ काढायची नाही. ती ठेवली.

तपासायचं असेल तर बाहेरच्या एखाद्या खात्याशी मुद्दाम आठ मेलची देवाणघेवाण करा, त्यातले दोन साध्या टेक्स्टमध्ये, आणि शेवटच्या मेलमध्ये कोड शोधा. एकदाच सापडायला हवा. मी रूलला हात लावला की दर वेळी हे करतो. गेल्या महिन्यात एकदाही सापडला नाही, कारण फूटरचा मजकूर बदलताना मीच कोड पुसला होता.